तिचे पंचवीस, माझे दहा

पत्र

मॅडम, मी परभणीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. गावाहून एसटीनं ये-जा करते. वर्गात माझी आणि एका मुलीची पहिल्या वर्षापासून चढाओढ आहे. कधी ती पहिली, कधी मी. सरांनी दुष्काळाच्या धड्याचा सारांश दोन पानांत लिहून आणायला सांगितलाय. ज्याचा चांगला, त्याची सगळ्या वर्गासाठी झेरॉक्स काढणार आहेत. परवा वाचनालयात तिची वही उघडी पडली होती, मी बघितली. माझ्यात आहे, ‘पाऊस सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी पडला तर दुष्काळ.’ तिच्यात तेच वाक्य, पण आकडा २५. पुस्तक एकच, धडा एकच. मी परत तपासलं, पुस्तकात १०च आहे. सोमवारी वह्या द्यायच्यात. तिचं चुकलंय हे सरांना आधीच सांगू का? का गप्प बसू आणि तिला आपटू देऊ? मैत्रीण म्हणती तुला काय करायचंय. पण डोक्यातून जाईना.

— एक विद्यार्थिनी

उत्तर

पोरी,

सरांकडे जायच्या आधी पुस्तक पुन्हा उघड. त्या १०च्या आधीची चार वाक्यं वाच आणि पुढची दोन वाच. ‘परत तपासलं’ असं तू लिहितेस, त्यावर माझा विश्वास आहे. पण स्वतःचं लिहिलेलं तपासताना माणूस आकडा शोधतो, आणि आकडा सापडला की पुस्तक मिटतो. तिनंही तेच केलं असणार. तिलाही तिचा २५ सापडला असणार, बहुतेक पानभर अलीकडे किंवा पलीकडे.

तुझं पुस्तक माझ्यापुढे नाही. पण जालना जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं मी भूगोल शिकवला, आणि या धड्यात पोरं कुठं अडकतात ते मला तोंडपाठ आहे. हे दोन्ही आकडे भारतीय हवामान खात्याचेच आहेत आणि दोन्ही खरे आहेत. फक्त ते एकाच गोष्टीबद्दल नाहीत.

२५चा आकडा एखाद्या प्रदेशासाठी आहे. हवामान खात्यानं पावसाच्या हिशेबासाठी देशाचे ३६ उपविभाग पाडलेत. आपल्या राज्याच्या वाट्याला त्यातले चार येतात: कोकण (त्याला गोवा जोडलेला), मध्य महाराष्ट्र, विदर्भ आणि आपला मराठवाडा. अशा एखाद्या प्रदेशात पावसाळ्यातला पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त घटला, तर तिथे अवर्षण धरतात. तूट २६ ते ५० टक्के असेल तर मध्यम, ५०च्या वर गेली तर तीव्र.

तुझा १०चा आकडा आहे सबंध देशाच्या एका वर्षासाठी. आणि तो एकटा येत नाही, त्याला ‘आणि’ जोडलेला आहे. देशाचा एकूण पाऊस सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त घटला *आणि* देशाचं २० टक्क्यांहून जास्त क्षेत्र अवर्षणाखाली असलं, तर ते वर्ष अखिल भारतीय दुष्काळी वर्ष. बाधित क्षेत्र ४० टक्क्यांच्या वर गेलं तर तीव्र दुष्काळी वर्ष. आता गंमत बघ. या दुसऱ्या अटीतलं ‘अवर्षणाखालचं क्षेत्र’ मोजायचं कशानं? तर तिच्या २५नं. म्हणजे तिची व्याख्या तुझ्या व्याख्येच्या पोटात बसलेली आहे. तू तिला खोडायला निघाली होतीस, आणि तिच्याशिवाय तुझं वाक्य पुरंच होत नाही.

म्हणजे तिचं चुकलं आणि तुझं बरोबर, असं नाही. चूक दोघींची आहे आणि नेमकी एकाच ठिकाणी आहे. पाऊस कमी पडला, पण कुठला? देशाचा की प्रदेशाचा? दोन पानांत बसवायच्या नादात दोघींनीही तो शब्द गाळला. तू वर ‘आणि’सुद्धा गाळलास, तेव्हा खरं म्हणशील तर तुझं एक जास्तच गेलं.

देशाला १० आणि प्रदेशाला २५ असं का, हे मात्र पाठ करू नकोस, समजून घे. तुमच्या वर्गात साठ मुलं आहेत असं धर. एका चाचणीत तुला ८० पडले, पुढच्या चाचणीला ताप होता म्हणून ५०. पण वर्गाची सरासरी काढली तर ती ५८ची ५५ होईल, फार तर ५४. कुणाचे घटले, कुणाचे वाढले, एकमेकांत जिरून गेलं. वर्गाची सरासरी पाचानं घसरली तर सर म्हणतील पेपर अवघड होता. तुझे पाच गुण घसरले तर कुणी विचारणारसुद्धा नाही. पावसाचं असंच असतं. आसामात पूर असतो त्याच महिन्यात आपल्याकडे सोयाबीन माना टाकतं, आणि बेरजेत दोन्ही एकमेकांना झाकतात. त्यामुळे देशाचा पाऊस वर्षागणिक साधारण दहाएक टक्क्यांच्या आतच वरखाली होतो, आणि तो दहाच्या पलीकडे घसरला की बऱ्याच ठिकाणी बरंच बिघडलंय असं समजायचं. मराठवाड्यासारख्या छोट्या आणि आधीच बेभरवशाच्या प्रदेशात दहा टक्के कमीजास्त हे नेहमीचंच. तिथे दहाची रेघ मारली तर दर दोनतीन वर्षांनी दुष्काळ म्हणायची पाळी येईल.

आता कसोटी लावू. व्याख्या अर्धी उतरली आहे की पुरी, हे पुस्तकाकडे न बघताही कळू शकतं. आपल्याला पक्कं माहीत असलेलं एखादं वर्ष तिच्यात घालून बघायचं.

तिच्या वाक्यात १९७२ घाल. बहात्तरचा दुष्काळ. तुझ्या घरात आजी असेल तर तिला विचार. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून गावोगाव आहेत. त्या वर्षी देशाच्या मोसमी पावसातली तूट होती सुमारे २४ टक्के. तिचं ‘२५ टक्क्यांहून जास्त’ हे वाक्य देशाला लावलं, तर बहात्तर साली दुष्काळच नव्हता! २००९ साली देशाची तूट सुमारे २२ टक्के होती. तेही वर्ष सुटलं. वाक्य ‘प्रदेशासाठी’ म्हणत नाही तोवर कुणीही ते देशाला लावून बघणार, आणि लावलं की ते कोसळणार.

आता तुझं. २०१८ घे. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या ९१ टक्के झाला, म्हणजे तूट ९. तुझ्या रेघेच्या जरा अलीकडे. तुझ्या वाक्याप्रमाणे दुष्काळ नाही. मराठवाड्याची तूट होती २२ टक्के. तिच्याही रेघेच्या अलीकडे. म्हणजे दोघींच्या मते २०१८ साली आपल्याकडे दुष्काळ नव्हता. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात मराठवाड्यातले कितीतरी.

या २०१८ची माझी स्वतःची एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला बरं वाटत नाही. पुढच्या सत्रात मी पेपरात एक प्रश्न घातला होता: ‘२०१८ हे दुष्काळी वर्ष होते का? व्याख्येच्या आधारे लिहा.’ पाच गुण. मला हवं ते उत्तर ‘नाही’, ९ आणि १०ची तुलना करून. अंबडकडच्या एका मुलानं लिहिलं, ‘होय. आमचा तालुका यादीत होता. शेतसाऱ्यात सूट मिळाली, परीक्षा फी माफ झाली.’ मी लाल पेनानं शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, ‘व्याख्या कुठे आहे?’ तो पेपर घेऊन आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, ‘मॅडम, मग तहसीलवाल्यानं कोणती व्याख्या लावली?’

मला उत्तर आलं नाही. घरी जाऊन शोधावं लागलं. हवामान खातं मोजतं फक्त पाऊस. सरकारला दुष्काळ जाहीर करायचा असतो मदतीसाठी, आणि त्याचं एकक तालुका असतं. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड बघतात. मग पेरा किती झाला, उपग्रहावरून पिकं कशी दिसतात, जमिनीत ओल किती, धरणात आणि भूजलात पाणी किती, हे बघतात. शेवटी काही गावांत प्रत्यक्ष जाऊन पिकाची पाहणी करतात. चार महिन्यांची बेरीज ठीकठाक दिसली तरी मधेच पंचवीस दिवस थेंब पडला नाही तर पीक हातचं जातं, आणि ते बेरजेत दिसत नाही. पोराची व्याख्या तिसरीच होती आणि त्याच्या प्रश्नाला तीच लागू होती. चूक माझ्या प्रश्नात होती. ‘देशासाठी’ हा शब्द मीच गाळला होता, जो आता तू गाळलास. त्याचे गुण मी वाढवले नाहीत, कारण तोवर निकाल लागून गेला होता.

अजून एक वर्ष बघू, म्हणजे या आकड्यांची पोच कुठपर्यंत ते कळेल. २०१५. देशाची तूट १४, मराठवाड्याची ४०. इथे तुमच्या दोघींचीही वाक्यं दुष्काळ म्हणतात, भांडण मिटलं. पण ४० टक्के म्हणजे २६ ते ५०मधलं, अर्थात ‘मध्यम’. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. मध्यम! याचं कारण असं की आदल्या वर्षी, २०१४ मध्येही, मराठवाड्यात चाळीसच्या आसपासच तूट होती. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण दोन वर्षं भरलंच नाही. पावसाची व्याख्या एका हंगामापुरती असते, मागच्या वर्षीचं रितं धरण तिला दिसत नाही. धडा नीट असेल तर त्यात ‘जलशास्त्रीय दुष्काळ’ असा प्रकार वेगळा दिलेला असेल, आणि पिकाच्या मुळाशी ओल नसण्याचा ‘कृषी दुष्काळ’ वेगळा. नुसत्या पावसाच्या तुटीवरून ठरणारा तो ‘हवामानशास्त्रीय दुष्काळ’. सारांशात हे तीन प्रकार एकेका ओळीत तरी राहू देत. दोन पानं भरत असतील तर दुष्काळाचे परिणाम कमी कर. ते सगळ्यांना ठाऊक असतात.

तू विचारलंस, सरांना सांगू का. सांगून बघ मनातल्या मनात. तू म्हणशील, ‘सर, तिचं २५ चुकलंय.’ सर पुस्तक उघडतील. २५ तिथे छापलेलं असेल. मग तुझ्याकडे बघतील. पुढचं तुला कळतंच. शिवाय तिची वही तू कशी बघितलीस, हा प्रश्न येईल तो वेगळाच. उघडी होती म्हणून नजर गेली, इथवर ठीक. पण ते वाक्य शब्दन्‌शब्द मला लिहून पाठवलंस, म्हणजे नुसती नजर गेली नव्हती.

गप्प बसलीस तर? तुला वाटतं ती आपटेल. मला वाटतं कुणीच आपटणार नाही. सर घाईत असतील. दोन्ही वाक्यांत ‘सरासरीपेक्षा’ आहे, ‘टक्के’ आहे, आकडा ओळखीचा आहे. दोघींपैकी एकीची झेरॉक्स निघेल आणि सगळा वर्ग अर्धी व्याख्या पाठ करेल. विद्यापीठाच्या पेपरात ‘हवामानशास्त्रीय दुष्काळाची व्याख्या लिहा’ असं आलं की अर्धे गुण जातील, आणि का गेले हे कुणालाच कळणार नाही.

म्हणून तिच्याकडेच जा. हे म्हणणं सोपं आहे, मला माहीत आहे. दोन वर्षांत तुम्ही एकमेकींशी ‘हं’च्या पुढे बोलला नसाल. ‘तुझं चुकलंय’ने सुरुवात करू नकोस, ‘आपलं दोघींचं चुकलंय’नेही नको, ते ढोंगी वाटेल. वहीचं मात्र आधीच सांगून टाक: ‘तुझी वही उघडी होती, मी वाचली. तुझ्याकडे २५ आहे, माझ्याकडे १०. तुझा २५ कोणत्या पानावर आहे?’ बस. पानाबद्दल विचारलं की माणूस पान उघडतो. बरोबर-चूक विचारलं की वही मिटतो. दोन्ही पानं शेजारी ठेवलीत की ‘देश’ आणि ‘प्रदेश’ हे शब्द तुम्हालाच दिसतील, मग मला मधे बोलायला नको.

ती चिडेल का? चिडेल, कदाचित वहीवरून. ती तुझ्याआधी सरांकडे जाऊन हे सगळं स्वतःचं म्हणून सांगेल का? तेही करू शकते. मी तिला ओळखत नाही. तसं झालं तरी तुझ्या वहीत सोमवारी पुरी व्याख्या असेल, कारण तुझी वही तुझ्याच हातात आहे. आणि झेरॉक्स तिच्या वहीची निघाली, तर त्यात निदान खरं लिहिलेलं असेल. हे तुला पटेल असं नाही. तुझ्या वयात मलाही पटलं नसतं.

ज्यांना असे सारांश लिहायचे असतात त्या सगळ्यांसाठी एक सवय सांगते, भूगोल असो की अर्थशास्त्र. धड्याचं काहीही आटवा, व्याख्या आटवू नका. वर्णन निम्मं केलं तर निम्मं वर्णन उरतं. व्याख्या निम्मी केली तर दुसरीच व्याख्या तयार होते. व्याख्येचं वाक्य पुस्तकातून जसंच्या तसं उतरवायचं आणि पेन्सिलीनं त्यातल्या तीन जागा अधोरेखित करायच्या: कुणासाठी, किती काळात, आणि कशाच्या तुलनेत. दुष्काळाच्या वाक्यात त्या आहेत देश किंवा प्रदेश, जून ते सप्टेंबर, आणि दीर्घकालीन सरासरी. यातली एखादी जागा रिकामी दिसली की समजा पुस्तकात परत जायचंय. ‘आणि’ असेल तर त्याला गोल करा. सारांश करताना पहिला तोच उडतो, माझ्या अनुभवात तरी.

पुस्तकाच्या आवृत्तीचं सालही बघून ठेव. हवामान खात्यानं २०१६ मध्ये आपल्या परिभाषेतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढला. आता ते त्याला अपुऱ्या पावसाचं वर्ष म्हणतात. अटी जवळपास त्याच राहिल्या. वाचनालयातलं पुस्तक जुनं असेल तर त्यात जुना शब्द असणार. तो चुकीचा नाही, कंसात साल लिहून टाक.

एवढं झाल्यावर तुझ्या वहीत वाक्य साधारण असं येईल: ‘एखाद्या प्रदेशात मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त घटल्यास तेथे हवामानशास्त्रीय दुष्काळ (अवर्षण) मानतात. देशाचा एकूण मोसमी पाऊस १० टक्क्यांहून जास्त घटला आणि देशाचे २० टक्क्यांहून जास्त क्षेत्र अशा अवर्षणाखाली असले, तर ते अखिल भारतीय दुष्काळी वर्ष.’ चार ओळी होतात. दोन पानांत चार ओळी मावतात.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असेल, आणि तुझी गावाकडची एसटी बहुतेक दुपारची. तेव्हा सकाळीच वाचनालयात जा. पुस्तकाची एकच प्रत असेल तर ते आज कुणाच्या नावावर आहे ते विचार. तिच्या नावावर असेल तर बोलायला निमित्त शोधायचीही गरज नाही.

— तुझी मॅडम